‘भरला’, ‘भरून ठेवला’ की ‘भरून टाकला’?

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. करमाडच्या स्टॉपवर संभाजीनगरच्या बसची वाट बघताना मैत्रिणीला मेसेज केला, ‘फॉर्म भरलास का?’ उत्तर आलं, ‘हो, भरून ठेवलाय.’ मी निश्चिंत. तारीख उलटल्यावर कळलं, की फॉर्म नुसता सेव्ह केलेला होता, सबमिट केलाच नव्हता. शेवटी विलंब शुल्क भरावं लागलं. गंमत म्हणजे तिचा मेसेज खोटा नव्हता. ‘ठेवलाय’ या शब्दात सगळं आलं होतं, मीच ते वाचलं नाही!

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर एक यादी करतेय. आपण शाळेत ‘संयुक्त क्रियापद’ शिकलो होतो, आठवतंय? एक मुख्य क्रिया आणि तिला जोडून येणारं सहायक क्रियापद. तेव्हा ओळखून दोन मार्क मिळवले आणि विसरलो. आता ‘भरणे’ हे एकच क्रियापद घेऊन बघा.

भरून टाकला : काम उरकलं, डोक्यावरचं ओझं उतरलं.
भरून ठेवला : तयार आहे, पुढे कधीतरी कामी येईल.
भरून दिला : दुसऱ्यासाठी भरला.
भरून घेतला : आपलं काम साधून घेतलं किंवा दुसऱ्याकडून करवून घेतलं.
भरून पाहिला : जमतंय का, याचा अंदाज घेतला.
भरून बसलो : भरला खरा, पण आता पस्तावतोय.

फॉर्म सगळीकडे भरलेलाच आहे. बदलतो तो सांगणाऱ्याचा त्या कामाशी असलेला संबंध.

यादी करताना पहिली अडचण येते ती म्हणजे कुठली जोडी खरी आणि कुठली नुसती शेजारी उभी? ‘कागद फाडून टाकला’ हे वाक्य घ्या. यात कागद कचऱ्यात टाकला, की नुसता पार फाडला? मध्ये एक शब्द घालून बघा. ‘कागद फाडून खिडकीबाहेर टाकला’ म्हटलं, की फाडणं आणि टाकणं अशा दोन वेगळ्या क्रिया होतात. ही जोडी यादीत नको. ‘पुस्तक एका रात्रीत वाचून टाकलं’ यात मात्र कुणी काही फेकत नाही. ‘टाकणे’ स्वतःचा अर्थ सोडून ‘वाचणे’च्या मदतीला आलंय. ही यादीत हवी.

दुसरी कसोटी नकाराची. ‘फॉर्म भरून ठेवला नाही’ आणि ‘भरून दिला नाही’ आपण सहज म्हणतो. ‘भरून टाकला नाही’ मात्र कानाला खटकतं. जे उरकलंच नाही, त्याच्या उरकण्याचा सुटकारा कसा सांगणार? तिथे आपण साधं ‘भरला नाही’ म्हणतो. अपवाद रागावण्याचा. ‘मग तेव्हाच का नाही भरून टाकलास?’ हे अगदी घरातलं वाक्य आहे. म्हणून यादीत ‘नकार चालतो का’ असा एक रकाना ठेवा.

खरी मजा पुढे आहे. माझ्या यादीत सुरुवातीला ‘बसणे’समोर ‘पस्तावा’ असं लिहिलं होतं. मग बसमध्ये जागा नसताना एकजण म्हणाला, ‘तासभर बसची वाट बघत बसलो होतो.’ स्टॉपवर तो उभाच होता! इथे पस्तावा नाही, वेळ फुकट गेल्याची चिडचिड आहे. फरक कशामुळे? ‘बोलून बसलो’ आणि ‘बोलत बसलो’ शेजारी ठेवा. पहिल्यात नको ते तोंडातून निघालंय, दुसऱ्यात वेळ गेलाय. सहायक तेच, पण आधीच्या क्रियापदाचं रूप ‘-ऊन’चं की ‘-त’चं, यावर छटा ठरते. म्हणजे यादी नुसत्या ‘बसणे’ या शब्दावर लावून भागत नाही, मागचं रूपही सोबत लिहावं लागतं.

आणि गाव? तेही लिहा. विदर्भातला एखादा रूममेट ‘काय करून राहिला?’ असं विचारतो, तेव्हा त्याला ‘काय करतोयस?’ एवढंच म्हणायचं असतं. आपण ‘करत राहिला’ म्हणतो, ते न थांबता करण्याबद्दल. दोघंही बरोबर आहेत, पण एका ओळीत बसवले तर यादी चुकेल.

तुम्हाला करायची असेल, तर दहा सहायकांनी सुरुवात करा : टाकणे, ठेवणे, देणे, घेणे, बसणे, जाणे, पाहणे, लागणे, राहणे, सोडणे. प्रत्येकासमोर ऐकलेलं एक पूर्ण वाक्य लिहा आणि शेजारी सहायक काढून तेच वाक्य पुन्हा लिहा. दोन वाक्यांत जे हरवलं, तीच त्याची छटा.

माझ्या मैत्रिणीला आता मी वेगळं विचारते, ‘भरून ठेवलास की भरून टाकलास?’