जागा एकच, वाटेकरी तीन : गूगलचे १५ जीबी जातात कुठे?

"ताई, मला मेलच येत नाहीत, जीमेल भरलंय म्हणतंय" ही तक्रार हल्ली पालकांकडून नेहमी येते. मग माणूस बसतो जुने मेल पुसत. दोन हजार मेल पुसतो, तरी लाल पट्टी जागच्या जागी! असं का होतं ते पाहू.

गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून एकच असते, प्रत्येकाला वेगळी नाही. घरातल्या एकाच पाण्याच्या टाकीला तीन नळ असावेत तसं. एका नळाने टाकी रिकामी केली की बाकीचे दोनही कोरडे. म्हणून फोटोंनी जागा खाल्ली तरी मेल येणं बंद होतं.

कोणी किती खाल्लं हे बघायला ब्राउझरमध्ये one.google.com/storage उघडा. समजा, तिथे असं दिसलं : फोटोज ९.६, ड्राइव्ह ४.३, जीमेल १.० जीबी. आता हिशोब करा. नुसत्या मजकुराचा मेल साधारण ५० केबी धरला, तर दोन हजार मेल पुसून सुटतात जेमतेम ०.१ जीबी. आणि स्नेहसंमेलनाचा मोबाईलवर काढलेला वीस मिनिटांचा एक व्हिडिओ? तो एकटाच सहज दोन-अडीच जीबी असतो. म्हणजे आधी मोठ्या आकड्याकडे जायचं आणि तिथेही मोठे व्हिडिओ शोधायचे. ते आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण मोबाईलच्या फोटोज ॲपमधून पुसलं की बॅकअप आणि मोबाईलमधली प्रत दोन्ही जातात.

ड्राइव्हमधल्या फाइली मोठ्यापासून लहानापर्यंत बघायच्या तर drive.google.com/drive/quota उघडा. जीमेलमध्ये जड मेल हवे असतील तर शोधपट्टीत हे टाका :

```
has:attachment larger:10M
```

पुसूनही आकडा हलला नाही तर कचरापेटी बघा. तिथे पडलेलं सामानही जागेत मोजलं जातं. जीमेल आणि ड्राइव्हची पेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंना ६० दिवस लागतात. घाई असेल तर आपणच रिकामी करायची.

आता खास शिक्षकांसाठी. दुसऱ्याने आपल्याला शेअर केलेली फाइल आपली जागा खात नाही, ती मालकाच्या खात्यात धरतात. पण गूगल फॉर्ममधून गृहपाठाचे फोटो मागवले, तर ते सगळे फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जमा होतात. चाळीस मुलं, रोज तीन-तीन एमबीचा एक फोटो, म्हणजे दिवसाला १२० एमबी. महिन्याच्या २५ दिवसांत तीन जीबी गेले! पालकांची नव्हे हं, आपली जागा. फॉर्म बनवताना फाइलच्या आकाराची मर्यादा ठरवता येते, ती आधीच कमी ठेवा.