ज्येष्ठमधाचं चूर्ण आणि रक्तदाबाची गोळी

खोकला सुरू झाला की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आधी ज्येष्ठमधाची डबी उघडली जाते. काडी चघळायची, नाहीतर चूर्ण मधात कालवून चाटायचं. घशाला आराम पडतो, तोही लवकर. चार-आठ दिवसांसाठी हे बहुतेकांना मानवतंही. अडचण येते ती ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत आणि ज्यांच्या घरी ही डबी खोकला गेल्यावरही बंद होत नाही, त्यांच्याबाबतीत.

साताऱ्यातल्या बासष्ट वर्षांच्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा वैद्यकीय साहित्यात वेगवेगळ्या रुग्णांबाबत नोंदलेला आहे. काकूंना दोन गोळ्या आहेत: अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. दुसरी गोळी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते. रक्तदाब वर्षभर १३०/८० च्या आसपास होता. थंडीत खोकला झाला म्हणून त्यांनी काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमधाचं सुटं चूर्ण आणलं आणि सकाळ-संध्याकाळ एकेक शीगभर चमचा घ्यायला सुरुवात केली. खोकला गेला. मग आम्लपित्तालाही बरं वाटतंय म्हणून चूर्ण चालूच राहिलं.

पाचव्या आठवड्यात पायांवर सूज आली. जिना चढताना मांड्या गळून जायच्या. रक्तदाब निघाला १६६/९६. अमलोडिपिननेही पाय सुजतात, त्यामुळे पहिला संशय त्या गोळीवर गेला आणि रक्तदाबासाठी तिसरी गोळी लिहून मिळाली. चूर्णाचा विषय निघालाच नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘आणखी काही औषध घेता का?’ काकूंनी ‘नाही’ सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच.

मुळातल्या गोडव्याला कारण असलेला ग्लिसिरायझिन हा घटक इथे खरा कर्ता आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक कायम फिरत असतं. त्याला संधी मिळाली तर ते मूत्रपिंडाला ‘मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे’ असा आदेश देऊ शकतं. तसं होऊ नये म्हणून मूत्रपिंडात एक विकर पहारेकऱ्यासारखं उभं असतं आणि कॉर्टिसोल तिथे पोहोचताच त्याला निष्प्रभ करतं. ग्लिसिरायझिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य नेमकं या विकराला थोपवतं. मग मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्रुसेमाइड या गोळ्याही पोटॅशियम बाहेर काढतात. म्हणजे गळती दोन्हीकडून सुरू होते. स्नायूंचा थकवा, पायात गोळे येणं, छातीत धडधड ही तिची लक्षणं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर धोका आणखी मोठा, कारण पोटॅशियम घसरलं की त्या गोळीचे दुष्परिणाम वाढतात.

ही माहिती नवी नाही. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर सूज आलेली त्यांना दिसली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका ५४ वर्षांच्या माणसाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचं एखादं-दुसरं पाकीट तो काही आठवडे रोज संपवत होता. पोटॅशियम फार खाली गेलं, हृदयाची लय बिघडली आणि तो दगावला. हे टोकाचं उदाहरण आहे, चिमूटभर ज्येष्ठमधाने असं होत नाही. म्हणूनच किती आणि किती दिवस, हे दोन प्रश्न कळीचे ठरतात.

युरोपीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये रोजच्या सेवनासाठी ग्लिसिरायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम धरली. सुक्या मुळात ते साधारण ४ टक्के धरलं, तर अडीच ग्रॅम चूर्णातच ही मर्यादा गाठली जाते. काकूंचा शीगभर चमचा सुमारे तीन ग्रॅमचा, दिवसातून दोन वेळा. म्हणजे २४० मिलिग्रॅम, तेही पाच आठवडे. मुळागणिक प्रमाण बदलतं, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच. पण मर्यादा किती सहज ओलांडली जाते, ते त्यातून दिसतं.

आता औषधाच्या दुकानात काय बोलायचं ते पाहू. नुसतं ‘आयुर्वेदिक घेते’ म्हटल्याने फार्मासिस्टच्या हाती काहीच लागत नाही. तयार औषधाचा डबा सोबत नेलेला सर्वांत चांगला, कारण भारतात आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टणावर घटकांची यादी छापावी लागते. त्या यादीत ज्येष्ठमध हे यष्टिमधु, मधुयष्टी, मुलेठी किंवा ग्लिसिरायझा ग्लाब्रा अशा कोणत्याही नावाने असू शकतं. खोकल्याची सिरप, घशाच्या गोळ्या, आम्लपित्ताची चूर्णं यांत ते बरेचदा असतं. सुट्या चूर्णाचा डबा नसेल तर पुडी न्यावी आणि रोज वापरतो तो चमचाही न्यावा. चमचा पाहिला की मात्रेचा अंदाज लगेच येतो.

गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी पाहून गोळ्या काढून देतो. तो फार्मासिस्ट असेलच असं नाही. म्हणून ‘फार्मासिस्ट आहेत का? त्यांना एक विचारायचंय’ असं स्पष्ट म्हणावं आणि शक्य तर दुपारची निवांत वेळ गाठावी. रुग्णाला औषधांबद्दल समजावून सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. काकूंनी असं सांगितलं असतं तर पुरलं असतं: ‘दादा, या माझ्या बीपीच्या दोन गोळ्या. त्याबरोबर ज्येष्ठमधाचं हे चूर्ण या चमच्याने दोन वेळा घेते, पाच आठवडे झाले. आधी खोकल्यासाठी घेत होते, आता पित्तासाठी. या दिवसांत पाय सुजलेत आणि बीपी वाढलंय. हे एकत्र चालतं का?’

एवढ्या माहितीवर फार्मासिस्ट चूर्ण थांबवायला सांगेल आणि डॉक्टरांना दाखवायला पाठवेल. छातीत धडधड किंवा फार अशक्तपणा असेल तर त्याच दिवशी. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. डॉक्टर सीरम इलेक्ट्रोलाइट्सची तपासणी लिहून देतील. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असायला हवं, काकूंचं २.९ निघालं. चूर्ण थांबल्यावर परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. त्या काळात रक्तदाब खाली येऊ लागतो आणि नव्याने वाढवलेली तिसरी गोळी जड होऊन चक्कर येऊ शकते. म्हणून रोजचा आकडा वहीत लिहावा, दोन आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासावं आणि तिसऱ्या गोळीचं काय करायचं ते ती वही दाखवूनच डॉक्टरांना विचारावं.