पडद्याचा हादरा : साचणारा आणि ओसरणारा

व्हिडिओ गेममध्ये स्फोट झाला की कॅमेऱ्याची जागा काही क्षण वेडीवाकडी हलवून धक्क्याचा भास निर्माण केला जातो. या हादऱ्याविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रागणिक, कॅमेऱ्याच्या जागेत एखादी यादृच्छिक संख्या मिळवत गेले तर डावे-उजवे धक्के एकमेकांना खोडून काढतात आणि कॅमेरा आपोआप मूळ जागी येतो. वस्तुतः प्रत्येक धक्का आधीचा धक्का जिथे संपला तिथून सुरू होत असल्यामुळे कॅमेरा भरकटतच जातो, आणि हे भरकटणे फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. धक्का उणे ४ ते अधिक ४ पिक्सेल यांच्या दरम्यानचा असेल व सेकंदाला ६० फ्रेम उमटत असतील, तर एका सेकंदानंतर आडव्या दिशेतले विचलन साधारण १८ पिक्सेल, तर दहा सेकंदांनंतर ५७ पिक्सेलच्या आसपास असते. कॅमेरा पात्राचा पाठलाग करत असेल तर तो पाठलागच ही चूक झाकून टाकतो. स्थिर कॅमेऱ्याच्या खोलीत मात्र चित्राची चौकट सरकलेली स्पष्ट दिसते.

यावर हादरा सुरू होताना मूळ जागा टिपून ठेवावी व शेवटी ती परत द्यावी, हा उपाय पुरेसा मानला जातो; पण हादरे एकमेकांवर आले की तोही फसतो. कॅमेरा १०० वर असताना पहिला हातबाँब फुटला, त्या हादऱ्यात तो १०६ वर गेला असताना दुसरा फुटला, तर दुसरा हादरा १०६ हीच मूळ जागा समजतो आणि सर्वांत शेवटी संपताना कॅमेरा तिथेच सोडून देतो. म्हणून कॅमेऱ्याची खरी जागा आणि हादऱ्याचे विचलन या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवणे, व चित्र काढतानाच त्यांची बेरीज करणे, हाच खरा इलाज होय.

स्क्विरल आयझरलो यांनी २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधील व्याख्यानात जी रचना मांडली, तिच्यात सगळे हादरे ‘ट्रॉमा’ नावाच्या एकाच संख्येत जमा होतात. ही संख्या ० ते १ यांच्या बाहेर जात नाही. प्रत्येक आघात तिच्यात भर घालतो आणि काळ ती समान गतीने उतरवत नेतो.

```
trauma = max(0, trauma - 0.8 * dt)
shake  = trauma * trauma
x = base_x + 20 * shake * noise(1, time * 15)
y = base_y + 20 * shake * noise(2, time * 15)
```

यातील `dt` म्हणजे मागील फ्रेमपासून गेलेला वेळ, आणि `noise` म्हणजे उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान सलगपणे बदलणारे, पर्लिन नॉइजसारखे फल; साध्या यादृच्छिक संख्येमुळे चित्र थरथरते, तर या फलामुळे ते हेलकावते.

ट्रॉमा म्हणजेच हादरा, असे समजणे हाही गैरसमजच आहे. हादरा हा ट्रॉमाचा वर्ग असतो, त्यामुळे ०.३ ट्रॉमाला विचलन जास्तीत जास्त १.८ पिक्सेल, तर ०.९ ला १६.२ पिक्सेल होते, म्हणजे तिप्पट ट्रॉमाला नऊपट हादरा. शेवट मृदू व्हावा म्हणून दर फ्रेमला हादऱ्याला ०.९५ ने गुणण्याची प्रथा आहे, पण तिच्यात हादरा नेमका शून्यावर कधीच येत नाही, शिवाय एका सेकंदानंतर ६० फ्रेमच्या यंत्रावर मूळ हादऱ्याचा सुमारे ५ टक्के, तर ३० फ्रेमच्या यंत्रावर २१ टक्के भाग उरतो. ट्रॉमा सरळ रेषेत उतरतो आणि वर्गामुळे हादऱ्याचा आलेख शून्याजवळ आपोआप सपाट होतो. मृदूपणा येतो तो येथून, आणि पूर्ण ट्रॉमाही सव्वा सेकंदात खरोखर संपतो.

तरीही ट्रॉमा आला म्हणजे साचण्याचा प्रश्न मिटला, असे नाही. सेकंदाला दहा गोळ्या झाडणारी बंदूक प्रत्येक गोळीमागे ०.१ भर घालू लागली, तर सेकंदाला १ जमा होतो व ०.८ च उतरतो, त्यामुळे सुमारे पाच सेकंदांत ट्रॉमा १ ला टेकतो आणि चाप सुटेपर्यंत तिथेच राहतो. दोष ओळखण्यासाठी ट्रॉमाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात छापून दहा सेकंद गोळीबार चालू ठेवला की पुरते. अशा सततच्या, किरकोळ आघातांसाठी बेरीज न करता `trauma = max(trauma, 0.3)` एवढाच नियम लावावा. मग बंदुकीचा हादरा कितीही वेळ चालला तरी १.८ पिक्सेलपलीकडे जात नाही, आणि त्याच वेळी ०.५ ट्रॉमाचा हातबाँब फुटला तर तो १२.८ पिक्सेलपर्यंत उसळून पुन्हा खाली उतरतो.