पंप बंद, दाब चालू

प्रेसच्या हायड्रॉलिक सर्किटचं वर्णन तंत्रज्ञासाठी मराठीत आणताना पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, अॅक्युम्युलेटर ही नावं तशीच ठेवावीत. अॅक्च्युएटर म्हणजे इथे सिलिंडर. ‘पंप दाब देतो’ असं मात्र लिहू नये. पंप तेल ढकलतो, सिलिंडरवरच्या भाराने दाब चढतो. समजा, रिलीफ व्हॉल्व्ह २०० बारला सेट आहे. तिथे तो उघडून तेल टाकीत सोडतो. तो उघडाच अडकला तर दाब चढत नाही, सिलिंडर जोर धरत नाही आणि दोष उगाच पंपावर जातो.

अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन तेलाला दाबून धरतो, पंप थांबल्यावरही. म्हणून कोणताही नट सैल करण्याआधी ड्रेन व्हॉल्व्ह उघडून गेज शून्यावर आलेला पाहावा, हे ठळक अक्षरांत लिहावं. तेल उतरलं तरी नायट्रोजनचा दाब आत राहतोच, हेही.