डिझायनरची फी: टक्का, फूट की ठोक?

समजा, पुण्यातला ७०० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे आणि इंटिरियरचं बजेट १२ लाख आहे. तीन डिझायनर तीन प्रकारे फी सांगतात.

पहिला कामाच्या खर्चाच्या १० टक्के मागतो, म्हणजे १ लाख २० हजार. पण स्वयंपाकघरात लॅमिनेटऐवजी ॲक्रिलिक आलं, वॉर्डरोब वाढले आणि खर्च १५ लाखांवर गेला, की फी आपोआप दीड लाख होते. खर्च आटोक्यात ठेवण्यात त्याचा फायदा नसतो. म्हणून टक्केवारी मंजूर अंदाजपत्रकावर बांधून घ्यावी आणि फ्रीज, टीव्ही, एसी त्यातून वगळावेत.

दुसरा चौरस फुटाला १५० रुपये सांगतो. कार्पेटवर धरले तर १ लाख ५ हजार होतात, पण त्याच फ्लॅटचा ९५० फूट सेलेबल एरिया धरला तर १ लाख ४२ हजार ५००. दर तोच, फरक साडेसदतीस हजारांचा! कोणता एरिया, हे आधी लिहून घ्या.

तिसरा ठोक सव्वा लाख म्हणतो. आकडा पक्का असतो, पण वाद बदलांवरून होतो. ड्रॉइंग किती वेळा बदलून मिळतील आणि साइटवर किती फेऱ्या होतील, हे करारात नसेल, तर चौथ्या बदलाला वेगळं बिल येतं.

काम ठरलेलं असेल तर ठोक फी सोयीची. जुन्या घरात तोडफोडीनंतर काय निघेल हे माहीत नसेल, तर टक्केवारी घ्या, पण कमाल मर्यादा घालून. फीवरचा १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा.