‘काल काय केलं, आज काय करणार’ म्हणजे स्टँडअप नव्हे

आष्टीत घरी बसून मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर टीमसाठी काम करतो. आम्ही सात जण चार गावांतून रोज सकाळी दहाला कॉलवर येतो. टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट सांगतो: स्टँडअप म्हणजे प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, काल काय केलं, आज काय करणार, काही ब्लॉकर आहे का. हे इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

गैरसमज: तीन प्रश्न हा स्टँडअपचा नियमच आहे.

नाही. ज्या स्क्रम गाइडचा हवाला दिला जातो, त्यातच 2017 साली हे प्रश्न केवळ नमुना म्हणून उरले आणि नोव्हेंबर 2020 च्या आवृत्तीतून पूर्ण काढले गेले. आता तिथे एवढंच म्हटलंय की बैठक पंधरा मिनिटांची असावी, तिचा रोख स्प्रिंटच्या ध्येयाकडे असावा आणि तिच्यातून पुढच्या दिवसाच्या कामाची योजना निघावी. रचना टीमने ठरवावी.

नियम बदलला एवढंच कारण नाही. तीन प्रश्नांची ही पद्धत दुरून काम करणाऱ्या टीममध्ये ब्लॉकर लपवते. आमच्याकडे कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणाऱ्या एसएमएसचं काम होतं. आपल्याकडे असा मजकूर पाठवण्याआधी दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या सहकाऱ्याने तो सोमवारी ग्राहकाच्या ऑफिसला पाठवला आणि उत्तराची वाट पाहत दुसरं काम घेतलं. मंगळवारी, बुधवारी तो म्हणाला, “एसएमएसचं काम चालू आहे, ब्लॉकर नाही.” तो खोटं बोलत नव्हता. वाट पाहणं त्याला अडथळा वाटतच नव्हतं. एका खोलीत बसलो असतो तर त्याच्या स्क्रीनवरून कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. म्यूट केलेल्या कॉलवर ते कळणार कसं?

त्याच आठवड्यात गुरुवारपासून आम्ही माणसांऐवजी बोर्ड वाचायला लागलो. एक जण बोर्ड शेअर करतो आणि उजवीकडून, म्हणजे पूर्ण व्हायला आलेल्या कामापासून, डावीकडे येतो. प्रत्येक कार्डावर ते त्या रकान्यात किती दिवस आहे हे दिसतं. प्रश्न एकच: हे कार्ड पुढे सरकायला कुणी काय करायला हवं? त्या पहिल्याच दिवशी एसएमएसचं कार्ड ‘टेस्टिंग’मध्ये चौथ्या दिवशीही तिथेच दिसलं. हा प्रश्न विचारताच उत्तर निघालं: “मजकूर सोमवारपासून ग्राहकाकडे पडून आहे. आज दुपारपर्यंत पोर्टलवर चढला नाही तर शुक्रवारचं रिलीज हुकेल. फोन मी करतो.” काय अडलंय, कधीपासून, कुणाकडे, केव्हापर्यंत हवंय आणि पाठपुरावा कोण करणार, हे सगळं त्यात आलं. ब्लॉकर असाच सांगायचा.

वेळेचा हिशोबही सोपा आहे. सात जण प्रत्येकी तीन मिनिटं बोलले की एकवीस मिनिटं गेली. आमच्या बोर्डावर सहसा पाच-सहा कार्डं चालू असतात. प्रत्येकाला दीड मिनिट धरलं तरी नऊ मिनिटांत आटोपतं. मात्र एकेकाने चार-चार कामं उघडून ठेवली असतील तर बोर्ड वाचूनही वेळ वाचत नाही. तिथे आधी चालू कामांची संख्या कमी करावी लागते.

गैरसमज: मॅनेजरला अहवाल देण्यासाठीच तर स्टँडअप असतो.

ही बैठक काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी घ्यायची असते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतल्या व्हिक्टोरिया स्ट्रे आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मॅनेजरला अहवाल देणं हे लोकांना स्टँडअप नकोसा वाटण्याचं एक कारण निघालं. कॉलवर प्रत्येक जण एकाच माणसाला उद्देशून बोलतोय असं दिसलं, तर बैठक बिघडली असं समजा.

गैरसमज: अडचण निघाली की तिथेच सोडवावी.

दोघांचा प्रश्न असेल तर बाकी पाच जणांना का थांबवायचं? त्याची नोंद करा, कॉल संपल्यावर ते दोघे थांबतील.

गैरसमज: ब्लॉकर उद्याच्या स्टँडअपमध्ये सांगू.

दुपारी अडलं तर दुपारीच चॅटवर लिहा. सकाळपर्यंत थांबलात तर अर्धा दिवस गेला.

गैरसमज: कॅमेरा चालू नसेल तर स्टँडअप नाही.

इथे वीज गेली की मी मोबाइलच्या नेटवर येतो. तेव्हा आवाज आणि बोर्ड नीट पोचला तरी भागतं. तेही जमलं नाही तर दहाच्या आत माझ्या कार्डाखाली वरच्याच पद्धतीने ब्लॉकर लिहून ठेवतो. बोर्ड वाचणारा तो मोठ्याने वाचतो आणि माझ्यावाचून काम अडत नाही.