एकीकडे गारवा, एकीकडे झळ

मे महिन्यात पुण्याहून सोलापूरला निघालो होतो. माझ्या बाजूला छान गार हवा येत होती आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या तोंडावर चुलीपुढे बसल्यासारखी झळ. गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी सांगितलं, "एसीचा गॅस कमी झालाय." गॅस भरला, पैसे गेले, झळ तशीच राहिली.

दोष गॅसचा नव्हताच. डॅशबोर्डमागच्या पेटीत एक कूलिंग कॉइल असते आणि तिच्यापुढे हीटर कोअर, म्हणजे छोटा रेडिएटर. बहुतेक गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी या हीटर कोअरमधून भर उन्हाळ्यातही फिरत असतं. कॉइलवर गार झालेली हवा त्याच्यावरून न्यायची की बाजूने सोडायची, हे एक प्लॅस्टिकची झडप ठरवते. तिला ब्लेंड डोअर म्हणतात. दोन्ही बाजूंचं तापमान वेगळं ठेवता येतं अशा गाडीत झडपा दोन, आणि प्रत्येकीला फिरवणारी छोटी मोटर, म्हणजे ॲक्च्युएटर, वेगळी. मोटर बंद पडली की झडप असेल तिथेच अडकते. माझ्या गाडीत डावी झडप गरम बाजूला अडकली होती.

हे घरीही ओळखता येतं. इंजिन चांगलं तापू द्या, एसी चालू ठेवा आणि दोन्ही बाजू आधी पूर्ण गार, मग पूर्ण गरम करून झरोक्यात थर्मामीटर धरा. माझ्याकडे उजवीकडे आधी 9 आणि नंतर 55 अंश आले. डावीकडे दोन्ही वेळा 52च्या आसपास. बटण फिरवूनही एका बाजूला फरकच पडत नसेल, तर संशय ॲक्च्युएटरवर घ्यावा. गॅस कमी असला तरी कधीकधी एकच बाजू कमी गार होते, पण ती 'गरम'वर नीट तापते. हीटर कोअर तुंबला असेल तर उलट: गारवा ठीक, ऊब मात्र अर्धवट.

दुसरी खूण कानाला कळते. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद टकटक ऐकू येते. माझी मोटर उघडली तेव्हा प्लॅस्टिकच्या एका चक्राचे दोन दात झिजून सपाट झाले होते. मोटर फिरत होती, पण झडपेपर्यंत जोर पोचत नव्हता.

नवी मोटर बसवण्याआधी झडपेचा दांडा हाताने फिरवून पाहायला सांगा. तो सहज फिरला तर दोष मोटरचाच. अडला तर झडपच मोडली असेल किंवा आत एखादं पेन पडलं असेल, आणि मग नवी मोटरही लवकरच जाईल. बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत मोटरला झडपेची दोन्ही टोकं नव्याने ओळखू द्यावी लागतात; ती पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी. हे राहून गेलं तर चांगली मोटरही चुकीचंच तापमान देते.

खर्च मोटरच्या जागेवर ठरतो. पायाजवळ असली तर दोन-तीन स्क्रूंचं काम, मागे दडलेली असली तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून गॅसचे पैसे देण्याआधी थर्मामीटर घेऊन दहा मिनिटं गाडीत बसा.